शंभरातले आठ : जलचक्राचा धडा सात स्लाइड्समध्ये

डावीकडे समुद्र, उजवीकडे डोंगर, कोपऱ्यात सूर्य. समुद्रातून वर जाणारे बाण, डोंगरावर ढग, ढगातून तिरप्या रेघांचा पाऊस आणि डोंगरावरून वळणं घेत पुन्हा समुद्राला मिळणारी नदी. शाळेत शिकलेल्या प्रत्येकाने ही आकृती एकदा तरी काढलेली असते, तिला नावं दिलेली असतात आणि पैकीच्या पैकी गुण मिळवलेले असतात. जलचक्राची जवळजवळ प्रत्येक स्लाइडही याच आकृतीवर उभी असते.

या आकृतीची तपासणी एकदा गंभीरपणे झाली. अमेरिकेतल्या ब्रिगहॅम यंग विद्यापीठातले बेंजामिन अ‍ॅबट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बारा देशांमधल्या ४६४ जलचक्र-आकृत्या गोळा केल्या. पाठ्यपुस्तकं, शास्त्रीय लेख आणि इंटरनेट अशा सगळीकडून त्या घेतल्या होत्या. २०१९ मध्ये ‘नेचर जिओसायन्स’ या नियतकालिकात निष्कर्ष छापून आले. माणूस आणि पाणी यांचा संबंध दाखवणाऱ्या आकृत्या होत्या फक्त १५ टक्के, आणि हवामानबदल किंवा जलप्रदूषण दाखवणाऱ्या जेमतेम २ टक्के. अमेरिकेच्या भूगर्भ सर्वेक्षण विभागाची आकृती तर दोन दशकं जगभरच्या वर्गांत वापरली जात होती. २०२२ च्या ऑक्टोबरमध्ये त्या विभागाने ती बदलली आणि शेतं, शहरं, धरणं आणि कारखाने थेट चित्रात आणले.

माणूस नसणं हा त्या जुन्या चित्रातला एक दोष. दुसरा दोष बाणांचा. सगळे बाण सारख्याच जाडीचे असतात आणि सगळे मिळून एक सुबक वर्तुळ पूर्ण करतात. त्यामुळे मुलांना वाटतं, की प्रत्येक थेंब समुद्रातून निघतो, डोंगरावर पडतो आणि नदीतून घरी परततो. प्रत्यक्षात बहुतेक थेंब हा प्रवास करतच नाहीत.

सहावी ते आठवीच्या वर्गासाठी स्लाइड्स करायच्या असतील, तर हे गैरसमज एकेक करून सोडवता येतात. त्यासाठी दोन तासिका आणि सात स्लाइड्स पुरतात. प्रत्येक स्लाइडवर एक प्रश्न, एक चित्र आणि फार तर दोन आकडे असावेत. बाकीचं वर्गात करून पाहायचं. उदाहरण एकाच प्रदेशाचं असलं तर धागा तुटत नाही. महाराष्ट्रात त्यासाठी सातारा जिल्हा फार सोयीचा. धो धो पाऊस, दुष्काळ, नदीचा उगम आणि नदीला वळवणारं धरण, हे सगळं तिथे एकाच जिल्ह्यात सापडतं.

पहिली स्लाइड : पाणी आत्ता कुठे आहे?

बाण दाखवण्याआधी साठे दाखवायला हवेत. पृथ्वीवर साधारण १३८ कोटी ६० लाख घनकिलोमीटर पाणी आहे, हा आकडा मुलांच्या डोक्यावरून जातो. तोच हिशेब शंभर लिटरच्या पिंपावर मांडला तर समजतो. पिंपातलं साडेसत्त्याण्णव लिटर पाणी खारं. उरलेल्या अडीच लिटर गोड्या पाण्यापैकी सुमारे एक लिटर ७०० मिलिलिटर बर्फाच्या रूपात ध्रुवांवर आणि हिमनद्यांत गोठलेलं. पाऊण लिटर भूजल. गोड्या पाण्याची जगातली सगळी सरोवरं मिळून साडेसहा मिलिलिटर. जगातल्या सगळ्या नद्यांत एका वेळी असलेलं पाणी ०.१५ मिलिलिटर, म्हणजे ड्रॉपरचे तीन थेंब. आणि सगळ्या हवेत मिळून एक मिलिलिटरहून किंचित कमी.

हे प्रमाण रशियन जलशास्त्रज्ञ इगोर शिक्लोमानोव यांनी १९९३ मध्ये मांडलेल्या अंदाजांवरून येतं आणि आजही शिकवताना तेच वापरतात. स्लाइडवर पिंपाचं चित्र आणि शेजारी हवेचा तो एक मिलिलिटर, एवढंच पुरे. वर्गात बादली, मापाचं भांडं आणि ड्रॉपर घेऊन हे मोजून दाखवता येतं. पिंप नसेल तर दहा लिटरची बादली घ्यावी आणि सगळे आकडे दहाने भागावेत. तेव्हा हवेतलं पाणी दोन थेंबांवर येतं आणि जगातल्या सगळ्या नद्यांना मिळून एक थेंबसुद्धा पुरा मिळत नाही.

इथे वर्गाला विचारायचा प्रश्न असा : हवेत एवढंसं पाणी असेल, तर वर्षभर सगळ्या जगात पाऊस कुठून पडतो? हवेतलं सगळं पाणी एकदम खाली आलं, तर पृथ्वीवर जेमतेम अडीच सेंटिमीटरचा थर होईल. पाऊस मात्र जगाच्या सरासरीने वर्षाला सुमारे एक मीटर पडतो. म्हणजे हवेतला तो छोटा साठा वर्षात चाळीसएक वेळा रिकामा होतो आणि पुन्हा भरतो. वाफेचा रेणू हवेत सरासरी नऊ-दहा दिवस राहतो. चक्र हा शब्द नुसता पाठ न करता मुलांनी हिशेबातून गाठलेला असला, की पुढच्या स्लाइड्सना आधार मिळतो.

दुसरी स्लाइड : वाफ दिसते का?

बहुतेक मुलांचं उत्तर ‘हो’ असतं, कारण त्यांनी चहाच्या किटलीतून निघणारा पांढरा झोत पाहिलेला असतो. स्लाइडवर किटलीच्या तोंडाचा जवळून घेतलेला फोटो असावा. नीट पाहिलं तर तोंडाला लागून बोटभर जागा मोकळी दिसते आणि पांढरेपणा तिच्या पुढे सुरू होतो. वाफ आहे ती त्या मोकळ्या जागेत. पांढरं दिसतं ते वाफ थंड होऊन बनलेले पाण्याचे बारीक थेंब. ढग म्हणजे वाफ, हा गैरसमज पुढे मोठ्या वर्गांपर्यंत टिकतो. तो इथेच मोडला तर बरं.

न दिसणारी वाफ हवेत आहे हे कसं दाखवायचं? स्टीलचे दोन कोरडे पेले घ्यावेत. एकात साधं पाणी, दुसऱ्यात बर्फ आणि शाई घातलेलं पाणी. दोन्हींवर झाकण ठेवावं. काही मिनिटांत बर्फाच्या पेल्याबाहेर थेंब जमतात. ‘आतलं पाणी झिरपलं’ असं कुणीतरी म्हणणारच, आणि शाई त्याचसाठी आहे. पांढऱ्या कागदाने बाहेरचे थेंब टिपले की कागदावर निळा डाग पडत नाही. एक ग्रॅमपर्यंत मोजणारा वजनकाटा असला, तर आधी आणि नंतर पेल्याचं वजन करावं. ते वाढलेलं दिसेल. म्हणजे पाणी बाहेरून आलं.

प्रयोग कुठे आणि कधी करतो यावर निकाल ठरतो, हेही मुलांना सांगायला हवं. कोकणात मे महिन्यात हवा इतकी दमट असते, की बर्फाच्या पेल्यावर लगेच दव धरतं. विदर्भात त्याच महिन्यात बर्फ घातला तरी थेंब उशिरा आणि थोडेच जमतात. प्रयोग फसला असं समजून शिक्षकांनी तो गुंडाळू नये. हवेत वाफ किती आहे याचं ते मोजमापच आहे.

याच स्लाइडवर दुसरा प्रश्न येतो : पाण्याची वाफ व्हायला ते उकळावं लागतं का? सावलीतल्या दोरीवर वाळणारे कपडे याचं उत्तर देतात. बाष्पीभवन कुठल्याही तापमानाला चालू असतं, फक्त वेग बदलतो. त्यासाठी लागणारी उष्णता मात्र प्रचंड असते. एक लिटर पाणी २० अंशांवरून उकळीपर्यंत तापवायला जेवढी उष्णता लागते, तिच्या साडेसहापटीहून जास्त त्याच पाण्याची पूर्ण वाफ करायला लागते. ही उष्णता वाया जात नाही. वाफ ती बरोबर घेऊन वर जाते आणि वाफेचे थेंब होताना ढगात सोडते. ढग वर वर चढत राहतो तो या उष्णतेच्या बळावर.

तिसरी स्लाइड : ढग कसा बनतो?

‘वर थंडी असते म्हणून’ हे उत्तर अर्धंच आहे. वर चढणाऱ्या हवेवरचा दाब कमी होतो, ती फुगते आणि फुगताना स्वतःच थंड होते. कोरडी असेल तर दर किलोमीटरला सुमारे १० अंशांनी. हे पाहायला शीतपेयाची दोन लिटरची पारदर्शक बाटली पुरते. तिच्यात दोन चमचे कोमट पाणी घालून हलवावं, झाकण घट्ट लावावं, बाटली जोरात दाबून धरावी आणि एकदम सोडावी. बहुधा काही दिसत नाही. मग शिक्षकांनी काडी पेटवून विझवावी, तिचा थोडा धूर बाटलीत घ्यावा आणि पुन्हा तेच करावं. या वेळी बाटली सोडताच आत धुकं भरतं, आणि दाबली की नाहीसं होतं.

मागे काळा कागद आणि बाजूने टॉर्च धरली तर शेवटच्या बाकावरूनही हे दिसतं. पाणी फार गरम असलं तर धुकं आधीपासूनच असतं आणि फरक कळत नाही. झाकण सैल असलं तर दाबच बनत नाही. प्रयोग बिघडतो तो बहुधा या दोन कारणांनी.

धुराने काय बदललं? वाफेला थेंब होऊन बसायला कण मिळाले. खऱ्या ढगात हे काम समुद्राच्या उडालेल्या मिठाचे, धुळीचे आणि धुराचे कण करतात. स्लाइडवर दोन वर्तुळं हवीत. एक ढगातल्या थेंबाचं, व्यास ०.०२ मिलिमीटर. दुसरं पावसाच्या थेंबाचं, व्यास २ मिलिमीटर. मुलांनी फळ्यावर १०० × १०० × १०० करावं. पावसाचा एक थेंब व्हायला ढगातले दहा लाख थेंब एकत्र यावे लागतात. आकाश भरून येतं आणि पाऊस मात्र पडत नाही, याचं कारण या गणितात आहे. ढगातला एकटा थेंब सेकंदाला सेंटिमीटरभर वेगाने खाली येतो. खालून वर येणारी हवा त्याला सहज उचलून धरते. थेंब एकमेकांवर आपटून मोठे झाले किंवा उंच ढगांत बर्फाचे कण वाढले, तरच ते जमिनीपर्यंत पोहोचतात.

चौथी स्लाइड : एकच ढग, दोन गावं

आता सह्याद्रीचा छेद. डावीकडे रत्नागिरी जिल्ह्याचा किनारा, मध्ये साधारण १,३५० मीटर उंचीवरचं महाबळेश्वर, उजवीकडे माण तालुक्यातलं दहिवडी. महाबळेश्वरात वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. दहिवडीच्या बाजूला पाचशेच्या आसपास किंवा त्याहूनही कमी. दोन्ही ठिकाणं सातारा जिल्ह्यातच आहेत आणि त्यांच्यामधलं सरळ रेषेतलं अंतर शंभर किलोमीटरही नाही.

पुस्तकात याला प्रतिरोध पर्जन्य आणि पर्जन्यछाया म्हणतात. नाव सांगण्याआधी एक किलो हवेचा प्रवास मोजून पाहावा. जुलैतली किनाऱ्यावरची हवा २८ अंशांची आणि बरीच दमट आहे असं धरू. तिच्या दर किलोत सुमारे २० ग्रॅम वाफ असते. डोंगर तिला वर ढकलतो. साडेतीनशे मीटरच्या सुमाराला ती इतकी थंड होते, की तेवढी वाफ तिला पेलवत नाही आणि ढग सुरू होतो. पावसाळ्यात घाट चढताना गाडी धुक्यात शिरते ती याचमुळे. आता वाफेतली उष्णता मोकळी होऊ लागते, म्हणून पुढची थंडी हळू वाढते, दर किलोमीटरला साधारण चार अंशांनी. महाबळेश्वरच्या उंचीला हवा २० अंशांच्या आसपास येते आणि तिच्यात जेमतेम १७ ते साडेसतरा ग्रॅम वाफ मावते. म्हणजे दर किलोमागे अडीच ते तीन ग्रॅम पाणी सुटलं.

अडीच-तीन ग्रॅम म्हणजे किती थोडं, असं मुलांना वाटेल. पण वाऱ्याबरोबर दमट हवा महिनोन्महिने न थांबता येत राहते, आणि ढगही माथ्यापाशी न थांबता त्याच्या बरेच वर चढतात. म्हणून बेरीज हजारो मिलिमीटरची होते. डोंगर हवेतलं सगळं पाणी काढून घेतो, हा आणखी एक गैरसमज. बहुतेक वाफ माथा ओलांडून पुढे जाते. पलीकडे हवा खाली उतरते, दाबली जाते, तापते आणि ढगातले थेंब पुन्हा वाफ होतात. माणच्या आकाशात जुलैत ढग धावताना दिसतात, पण बरसत नाहीत. वाफ तिथेही असतेच. तिला थंड करणारा चढ तेवढा नसतो.

पाचवी स्लाइड : पडलेलं पाणी कुठे जातं?

या स्लाइडसाठी विहिरीच्या कडेचा किंवा घाटात कापलेल्या कातळाचा फोटो उत्तम. वर माती, खाली मुरूम, त्याखाली भेगा पडलेला खडक, सर्वांत खाली घट्ट काळा पाषाण. महाराष्ट्राचा ८० टक्क्यांहून अधिक भाग अशा बेसाल्ट खडकाचा आहे. जमिनीखाली नदी किंवा तळं असतं असं मुलांना वाटतं, कारण विहिरीत त्यांना मोकळं पाणी दिसतं. प्रत्यक्षात पाणी असतं ते मुरमाच्या आणि खडकाच्या भेगांत. खडीने भरलेल्या बरणीत पाणी ओतून हे दाखवता येतं. मात्र बरणीत जागा भरपूर असते आणि बेसाल्टात फार थोडी. त्याच्या वरच्या झिजलेल्या थरातून उपसता येणारं पाणी एकूण आकारमानाच्या साधारण दोन टक्केच असतं.

या दोन टक्क्यांवरून एक हिशेब करता येतो. दहिवडीकडे ५०० मिलिमीटर पाऊस झाला आणि त्यातला दहावा भाग, म्हणजे ५० मिलिमीटर, मुरला असं धरू. खडकात दोन टक्केच जागा असल्याने हे ५० मिलिमीटर पाणी अडीच मीटर उंचीपर्यंत चढतं. म्हणजे विहिरीची पातळी अडीच मीटर वाढते. आकडे ढोबळ आहेत. एकाच गावातल्या दोन विहिरींतही फरक पडतो. पण पहिल्या दमदार पावसानंतर विहीर झटकन का चढते आणि फेब्रुवारी-मार्चमध्ये उपसा वाढला की तितक्याच वेगाने तळ का गाठते, हे त्यातून कळतं. साठा लहान आहे.

मग उरलेला नव्वद टक्के पाऊस? काही ओढ्यातून वाहून जातो. कोरड्या भागात त्याहून मोठा वाटा मातीतून उडून जातो आणि पिकांच्या, झाडांच्या पानांतून बाहेर पडतो. पानांतून होणाऱ्या या बाष्पोच्छ्वासासाठी एका डहाळीला सकाळी पारदर्शक प्लॅस्टिकची पिशवी बांधावी. दुपारपर्यंत ती आतून ओली होते. शेजारी दुसरी पिशवी पानं काढलेल्या डहाळीला बांधावी. दुसरी पिशवी नसेल, तर ओलावा पानांतूनच आला हे सिद्ध होत नाही.

स्लाइडच्या तळाशी तीन आकडे ठेवावेत : हवेत नऊ-दहा दिवस, भूजलात काही दिवसांपासून हजारो वर्षं, समुद्रात सरासरी सुमारे तीन हजार वर्षं. थेंब कुठे किती थांबतो यातला हा फरक वर्तुळाच्या आकृतीत कधीच दिसत नाही.

सहावी स्लाइड : कोयनेचं पाणी कोणत्या समुद्रात?

कोयना महाबळेश्वरजवळ उगम पावते. तिथून अरबी समुद्र सरळ रेषेत शंभर किलोमीटरही नाही, पण नदी त्याच्याकडे पाठ फिरवून आधी दक्षिणेला वाहते, हेळवाकजवळ पूर्वेला वळते आणि कराडला कृष्णेला मिळते. कृष्णा सांगलीवरून कर्नाटक, तेलंगणा आणि आंध्र प्रदेश पार करत बंगालच्या उपसागराला जाते. तिची सगळी लांबी सुमारे १,४०० किलोमीटर. महाबळेश्वरात पडलेल्या थेंबाचा निसर्गाने ठरवलेला मार्ग हा होता.

कोयना धरण बांधलं गेलं आणि नदीला दुसरी वाट मिळाली. शिवसागर जलाशयाचं पाणी बोगद्यांतून सह्याद्रीच्या पोटातून पश्चिमेला नेलं जातं. कोकणच्या बाजूला पोफळीच्या भूमिगत वीजगृहात ते शेकडो मीटर खाली झेपावतं, तिथली जनित्रं फिरवतं आणि पुढे वाशिष्ठी नदीला मिळतं. वाशिष्ठी चिपळूणवरून दाभोळच्या खाडीत, म्हणजे अरबी समुद्रात जाते. वर्षाला किती पाणी असं वळवायचं यावर कृष्णा पाणीतंटा लवादाने मर्यादा घातली, ६७.५ टीएमसी. एक टीएमसी म्हणजे एक अब्ज घनफूट, सुमारे २,८३० कोटी लिटर.

स्लाइडवर महाराष्ट्राचा आणि दख्खनचा नकाशा आणि दोन रंगांच्या दोन रेषा पुरेत. एकीचं टोक पूर्वेच्या समुद्रात, दुसरीचं पश्चिमेच्या. ज्या समुद्राची वाफ, त्याच समुद्रात तिचं पाणी माणसाने परत नेलं. मुलांनी रेषांखाली लाभ आणि खर्च लिहावेत. एका बाजूला राज्याला मिळणारी वीज. दुसऱ्या बाजूला कृष्णेच्या खोऱ्यातून कायमचं निघून गेलेलं पाणी. याच खोऱ्यातलं माण आणि खटाव पाण्यासाठी तहानलेलं असतं आणि जिहे-कठापूरसारख्या योजनेत कृष्णेचं पाणी पंपाने उचलून तिकडे न्यावं लागतं. कोण बरोबर, हे शिक्षकांनी सांगायची गरज नाही. पाण्याची वाट माणूस ठरवतो, आणि त्या ठरवण्याला विजेचं, पिकाचं आणि कायद्याचं कारण असतं, एवढं वर्गाला दिसलं पाहिजे. ४६४ आकृत्यांमधल्या बहुतेकींत नेमका हाच भाग नव्हता.

शाळा सातारा जिल्ह्यातली नसेल, तर ही स्लाइड बदलावी. पुणे परिसरातल्या शाळेला मुळशीचं पाणी भिऱ्याच्या वीजगृहातून कोकणात उतरतं ते उदाहरण जवळचं पडेल. शहरातल्या मुलांनी नळाचं पाणी कुठल्या धरणातून येतं आणि सांडपाणी कुठल्या नाल्यातून कुठे जातं हे शोधलं तरी चालेल.

सातवी स्लाइड : शंभरातले आठ

सगळ्यात शेवटी पूर्ण आकृती यावी, आणि बाणांची जाडी मापाने असावी. जगात वर्षभरात एकूण जेवढी वाफ होते ती शंभर भाग धरली, तर ८६ भाग समुद्रावरून उठतात आणि १४ जमिनीवरून. पावसाचे शंभर भाग धरले, तर ७८ समुद्रावरच पडतात आणि २२ जमिनीवर. रंगीत कागदाच्या ८६, १४, ७८ आणि २२ मिलिमीटर रुंदीच्या पट्ट्या कापून फळ्यावर लावल्या, तर आकडे सांगायचीही गरज उरत नाही.

मग मुलांनी वजाबाकी करावी. समुद्रावरून ८६ उठले, त्यावरच ७८ पडले. उरले आठ. हे आठ भाग वारा जमिनीवर नेतो. जमिनीवर २२ पडले, तिथून १४ पुन्हा वाफ झाले. उरले आठ. हे आठ नद्यांतून आणि भूजलातून समुद्राला परत जातात. हिशेब जुळला. फळ्यावरचं ते सुबक वर्तुळ म्हणजे शंभरातल्या या आठांची गोष्ट. उरलेलं पाणी समुद्रावरून समुद्रावर आणि जमिनीवरून जमिनीवर फिरत राहतं.

हे आकडे जगाच्या सरासरीचे आहेत आणि ते सांगायलाच हवं. सह्याद्रीच्या पश्चिम उतारावर जुलैत पडणारा पाऊस बहुतांश समुद्राच्या वाफेचा असतो. खंडाच्या आत खोलवर मात्र जमिनीची आणि झाडांची वाफ मोठा वाटा उचलते. पट्ट्या समोर असतानाच तापमानवाढीचा एक आकडा जोडता येतो. हवा एक अंशाने तापली, की तिच्यात सुमारे सात टक्के जास्त वाफ मावते. जोरदार पावसाच्या सरी त्यामुळे अधिक जोरदार होतात.

वर्गात हे सगळं मांडताना काही साध्या गोष्टी आड येतात. उजेडाच्या खोलीत प्रोजेक्टरचं चित्र फिकट पडतं, म्हणून फिकट निळ्यावर पांढरी अक्षरं टाळावीत. पांढऱ्या पार्श्वभूमीवर गडद, मोठी अक्षरं ठेवावीत. एका स्लाइडवर पंधरा-वीस शब्दांपेक्षा जास्त असले, की मुलं वहीत उतरवत बसतात आणि प्रयोगाकडे पाहत नाहीत. हलणारे बाण शोभिवंत दिसतात, पण सगळे एकाच वेगाने फिरले तर तोच जुना गैरसमज पक्का करतात. वीज जाण्याची शक्यता धरून सह्याद्रीचा छेद आणि पट्ट्यांची आकृती कागदावर छापून ठेवावी. पहिल्या तीन स्लाइड्स एका तासिकेत आणि उरलेल्या चार दुसऱ्या तासिकेत बसतात.

मुलांना समजलं का, हे आकृतीला नावं द्यायला सांगून कळत नाही. धड्याआधी आणि नंतर एकच प्रश्न विचारावा : दहिवडीच्या विहिरीतला एक थेंब गेल्या वर्षी कुठे असू शकेल? तीन शक्यता लिहा. धड्याआधी बहुतेक वह्यांत समुद्र, ढग, नदी हीच साखळी सापडेल. धड्यानंतर ‘त्याच विहिरीशेजारच्या खडकात’, ‘ज्वारीच्या पानात’, ‘कृष्णेतून उपसलेल्या पाण्यात’ अशी उत्तरं आली, तर चित्र बदललं असं समजावं. ‘ढगात वाफ होती’ असं कुणी लिहिलं, तर दुसरी स्लाइड पुन्हा घ्यावी.

घरचा अभ्यास म्हणून गावातल्या एका विहिरीची पातळी आठवड्यातून एकदा मोजता येते. दोरीला वजन बांधून कठड्यावरच्या ठरलेल्या खुणेपासून पाण्यापर्यंतची खोली घ्यावी आणि त्यातून कठड्याची उंची वजा करावी. मोजणी मोठ्या माणसाच्या सोबतीने आणि सकाळी पंप सुरू होण्याआधी व्हावी. उपशानंतर घेतलेला आकडा खरी पातळी दाखवत नाही. शेजारच्या रकान्यात त्या आठवड्याचा पाऊस मिलिमीटरमध्ये लिहावा. जून ते ऑक्टोबरचे दोन्ही रकाने आलेखावर मांडले, की पावसानंतर पाणी किती दिवसांनी चढलं, पन्नास मिलिमीटरच्या आठवड्याने विहीर किती वाढली आणि सप्टेंबरमधला तेवढाच पाऊस जूनमधल्यापेक्षा वेगळं का वागला, हे प्रश्न मुलांना स्वतःच्या आकड्यांवरून सोडवता येतात.